दोन रुपयांचं रबर आणि चोपन्न हजारांची ऑर्डर : सांगलीतल्या एका मोटरपंप-ठिबक दुकानात ए-बी-सी गट कसे पाडले आणि कुठे फसलं

पार्श्वभूमी

सांगलीत मार्केट यार्डाच्या बाजूला माझ्या मामांचं दुकान आहे, मोटरपंप, पीव्हीसी पाईप, ठिबकचं सामान आणि त्याचे सगळे सुट्टे भाग. मामांना सगळे तात्या म्हणतात, मीसुद्धा. गिऱ्हाईक म्हणजे मिरज, तासगाव, पलूस बाजूचे द्राक्षवाले, थोडे ऊसवाले, आणि मोटारी रिवाइंडिंग करणारे वायरमन. दुकानात तात्या, त्यांचा मुलगा, आणि गेली वीस वर्षं काउंटर सांभाळणारे बापू. मी जीएसटी रिटर्न आणि हिशेब बघतो, म्हणजे महिन्यातनं दोनतीन दिवस तिथं असतो. नाव-गाव बदललंय, आकडे थोडे गोल केलेत, पण जे झालं ते असंच झालं.

वर्षाची विक्री जीएसटी सोडून ९६ लाख. आणि गोडाऊनमध्ये माल पडलेला खरेदीच्या भावाने ३१ लाखांचा. म्हणजे जवळपास वर्षाच्या विक्रीच्या एक तृतीयांश पैसा कायम रॅकवर झोपलेला, आणि वर उधारी वेगळी.

अडचण

अडचण दोन्ही बाजूंनी होती. एकीकडे माल भरमसाट, दुसरीकडे जे पाहिजे ते नेमकं नाही. मुलाचं म्हणणं होतं की सगळ्याच मालाकडे सारखं लक्ष द्यायला जातो म्हणून कशाकडेच नीट लक्ष जात नाही. पाच एचपीचा सबमर्सिबल संपलाय हे गिऱ्हाईक आल्यावर कळायचं, आणि त्याच दिवशी बापू बसून दहा रुपयांच्या नटबोल्टाची वही मांडत असायचे.

मग मी म्हटलं विक्रीप्रमाणे मालाचे तीन गट पाडू. कल्पना जुनी आहे, १९५१ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधल्या एच. फोर्ड डिकी यांनी स्टोअरमधल्या मालासाठी ए-बी-सी अशी वाटणी मांडली होती. वर्षभरात कुठल्या मालाची किती रुपयांची विक्री झाली ते मोठ्याकडून छोट्याकडे लावायचं, वरून बेरीज करत यायचं, एकूण विक्रीच्या ८० टक्क्यांपर्यंत जो माल लागतो तो ए, पुढच्या १५ टक्क्यांचा बी, शेवटच्या ५ टक्क्यांचा सी. ऐकायला सोपं आहे. करायला बसलो तेव्हा यादीनंच आधी दोन दिवस खाल्ले.

यादी साफ करायला लागली ती कशी

सॉफ्टवेअरमध्ये १,३१० नावं निघाली. १६ एमएमची ठिबकची नळी तीन नावांनी होती, एक "१६ एमएम नळी", एक "लॅटरल १६", आणि एक कंपनीचा कोड टाकून. जो बिल करेल तो आपल्या सवयीचं नाव टाकणार. तीनही वेगवेगळं धरलं तर त्यांचा वाटा ३.१, २.४ आणि १.५ टक्के, तिन्ही यादीत इकडंतिकडं पसरलेले. एकत्र केल्यावर बरोबर ७ टक्के, म्हणजे ६ लाख ७२ हजार, आणि दुकानातला पहिल्या नंबरचा माल. नावं न सांधता गट पाडले असते तर दुकानाचा सगळ्यात मोठा माल कोणता तेच कळलं नसतं. हे काम बापूंशिवाय झालं नसतं, कारण कुठलं नाव कुठल्या डब्याचं हे त्यांनाच माहीत. शेवटी ९४५ माल राहिले.

त्यातले विकले गेलेले ७४०. उरलेले २०५ वर्षभरात एकदाही विकले गेले नाहीत, आणि हे विक्रीच्या रिपोर्टमध्ये दिसतच नाहीत, कारण तिथं विकलेलाच माल येतो. मी पहिल्यांदा फक्त विक्रीचा रिपोर्ट घेऊन बसलो होतो आणि मुलानं विचारलं, "दादा, ते जुने स्टार्टर कुठल्या गटात गेले?" कुठेच गेले नव्हते. स्टॉकची यादी शेजारी लावली तेव्हा हे २०५ सापडले, खरेदीच्या भावाने ४ लाख ६० हजारांचे. त्यांना सी म्हणायचं नाही असं ठरवलं. सी म्हणजे थोडं का होईना विकतं. हा माल वेगळा, त्याला आम्ही "झोपलेला" असंच नाव दिलं. त्यातही २३ माल मार्चमध्येच आलेले, त्यांना विकायला वेळच मिळाला नव्हता, ते बाजूला काढले.

विक्री धरताना जीएसटी वगळला कारण प्रत्येक मालाला दर वेगळा, तो धरला तर जास्त करवाला माल उगाच वर चढतो. आणि परत आलेला माल वजा केला. उन्हाळ्यात दोन पंप विकून परत आले होते, बिलं दिसत होती, परतीच्या क्रेडिट नोटा दुसऱ्या रिपोर्टमध्ये.

पर्याय काय काय होते

तात्यांचा पहिला आक्षेप होता की विक्री कशाला, नफा बघा. म्हणणं चुकीचं नव्हतं. पाच एचपीचा पंप ४ लाख ८० हजारांचा विकला गेला पण त्यावर सुटतं सहा टक्के, म्हणजे २८,८०० रुपये. ६३ एमएमचे एल्बो ४२ हजारांचेच, पण पस्तीस टक्के सुटतात, १४,७०० रुपये. विक्रीत अकरापटीहून जास्त फरक, नफ्यात दुप्पटही नाही. पण आमचा प्रश्न पैसा कुठं अडकतोय आणि कशाची मोजणी-मागणी रोज बघायची हा होता, आणि पंप संपला की एकदम मोठी रक्कम लावून आणावा लागतो. म्हणून गट विक्रीवर ठेवले आणि नफ्याचा कॉलम शेजारी उघडा ठेवला, त्यावरून कुणाचा गट बदलला नाही.

दुसरा प्रश्न रेघ कुठं मारायची. ८० आणि ९५ हे काही देवानं दिलेले आकडे नाहीत. ७० ला रेघ मारली तर ए मध्ये ६८ माल येत होते, ८० ला ११२. आम्ही उलटीकडून विचार केला, रोज काउंटर सुरू व्हायच्या आधी बापू आणि मुलगा मिळून किती माल मोजू शकतात? वीसेक. आठवड्याचे सहा दिवस धरले की १२० च्या आसपास. म्हणून ८० टक्के. उद्या एक माणूस कमी झाला तर रेघ ७० वर आणावी लागेल.

रेघेवरच्या मालाबद्दल वाद घालत बसू नका हे मात्र सांगतो. आमचा ११२ वा माल २१,३०० चा आणि ११३ वा २१,२५० चा. एक ए, एक बी. पन्नास रुपयांनी काय होतंय. बापूंनी जो आठवड्याला बघायचा म्हटला तो वर घेतला, संपलं.

गट पाडले ते असे

एक्सेलमध्ये बी कॉलममध्ये नाव, सी मध्ये वर्षाची विक्री मोठ्याकडून छोट्याकडे, आणि मग

```
D2:  =SUM($C$2:C2)/SUM($C$2:$C$741)
E2:  =IF(D2-C2/SUM($C$2:$C$741)<0.8,"A",
      IF(D2-C2/SUM($C$2:$C$741)<0.95,"B","C"))
```

आणि दोन्ही खाली ७४१ व्या ओळीपर्यंत ओढायचे. दुसऱ्यात ते वजा कशाला? तर आपण हा माल धरायच्या *आधी* बेरीज कुठं होती ते बघतोय, म्हणजे जो माल ८० ची रेघ ओलांडतो तोही ए मध्येच राहतो. साधं "बेरीज ८० पेक्षा कमी असेल तर ए" लिहिलं आणि कुणाच्या दुकानात एकच माल ८५ टक्क्यांचा निघाला, तर तोच बी मध्ये पडेल.

वरून बेरीज अशी आली: १६ एमएम लॅटरल ७ टक्के. त्याखाली ६३ एमएम पीव्हीसी पाईप ५ लाख २८ हजार, ५.५ टक्के, बेरीज १२.५. मग पाच एचपीचा पंप ५ टक्के, बेरीज १७.५. चौथा एक मोठा एचडीपीई पाईप, ३ लाख ३६ हजार, ३.५ टक्के, बेरीज २१. शेवटी ए मध्ये ११२ माल, बी मध्ये १८८, सी मध्ये ४४०. सी च्या ४४० मालांची मिळून वर्षाची विक्री ४ लाख ८० हजार, म्हणजे एकेकाची सरासरी वर्षाला अकराशे रुपयांच्या आत. तात्या हे बघून बराच वेळ गप्प होते.

चौथ्या नंबरवर बापूंचं बोट थांबलं. "हा पाईप? हा तर आपण ठेवतच नाही." बिलं काढली तर ३ लाख ३६ हजारांची विक्री एकाच बिलात, गावच्या एका सहकारी पाणी उपसा संस्थेनं लाईन बदलली तेव्हाचं. यादीप्रमाणे तो ए, दर आठवड्याला मोजायचा, आणि आम्ही नियम आंधळेपणानं पाळला असता तर तीन-साडेतीन लाखांचा पाईप आणून उन्हात टाकला असता. म्हणून शेजारी आणखी एक कॉलम, वर्षात किती वेगवेगळ्या बिलांत हा माल गेला. ए मधला जो माल तीनपेक्षा कमी बिलांत गेलाय त्याच्यापुढं "ऑर्डरप्रमाणे". असे चार निघाले.

एक गंमत, म्हणजे तेव्हा गंमत वाटली नव्हती. मुलानं यादी प्रिंट करायला घेतली आणि बापूंना सापडायला सोपं म्हणून नावाप्रमाणे लावली. फॉर्म्युले चालूच होते, त्यामुळे वरून बेरीज नव्या क्रमानं झाली आणि अ, आ, इ पासून सुरू होणारे सगळे माल ए! दोन दिवस ती यादी काउंटरवर चिकटलेली होती. अँगल व्हॉल्व्हचा डबा रोज मोजत होते बिचारे. ओळखायचं कसं, तर सी कॉलम वरून खाली उतरतच गेला पाहिजे, कुठे चढला की यादी बिघडली. उपाय साधा, गटाची अक्षरं कॉपी करून नुसती व्हॅल्यू म्हणून चिकटवायची, मग हवं तसं लावा.

नियम ठरले. ए रोज वीसप्रमाणे मोजायचा आणि मागणी आठवड्याला. बी महिन्याला. सी ची मागणी तीन महिन्यांनी एकदाच, वर्षाच्या विक्रीच्या चौथ्या भागाएवढी. हे जूनमध्ये झालं.

सप्टेंबरात फटका

ऑक्टोबर छाटणी म्हणतात पण आमच्याकडे ती ऑगस्टच्या शेवटापासून सुरू होते, आणि छाटणीच्या आधी बरेच बागायतदार जुन्या नळ्या काढून नव्या टाकतात. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तासगावकडचा एक चार एकरवाला आला. नऊ फुटांवरच्या ओळी, चार एकराला साधारण सहा हजार मीटर नळी, ५०० मीटरची १२ बंडलं, ४,५०० ला एक. ५४ हजार. लॅटरल ए मधली, माल भरपूर होता, मुलानं उत्साहानं बंडलं बाहेर काढायला सांगितली. पुढं ८० ओळींना ८० टेक-ऑफ, म्हणजे मोठ्या पाईपातनं नळीत पाणी घेणारे जोड, तेही होते. मग रबर ग्रोमेट मागितले.

ग्रोमेट म्हणजे सबमेनला, म्हणजे नळ्यांना पाणी पोचवणाऱ्या त्या मोठ्या पाईपला, भोक पाडून त्यात बसवायचं छोटं काळं रबर. त्यात टेक-ऑफ दाबून बसवतात. ते नसलं तर प्रत्येक भोकातनं पाणी गळतं. दोन रुपयाला एक. ८० चे १६० रुपये.

संपले होते.

तो माणूस पाच मिनिटं थांबला, म्हणाला उद्या मजूर येणारेत मला आजच सगळं पाहिजे, आणि समोरच्या रांगेतल्या दुसऱ्या दुकानात गेला. तिथं ग्रोमेट मिळाले आणि साहजिकच बाकी सगळंही तिथनंच घेतलं. तात्या संध्याकाळी मला फोनवर म्हणाले, "भाच्या, तुझ्या सी नं माझी चोपन्न हजाराची ऑर्डर खाल्ली की रे." उत्तर नव्हतं माझ्याकडे.

नेमकं चुकलं कुठं

गल्ल्यावर बसून आकडे काढले. ग्रोमेट वर्षाला साधारण १,०५० जातात, २,१०० रुपयांची विक्री, म्हणून सी. नियमाप्रमाणे जूनमध्ये तीन महिन्यांचे २६०, शंभरची तीन पाकिटं मागवली. पण ग्रोमेट महिन्याला सारखे जातच नाहीत, वर्षाच्या १,०५० मधले सहाशेच्या आसपास एकट्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात. म्हणजे आम्ही वर्षाच्या सरासरीला चारनं भागलं तिथं पहिली चूक. आधी काय व्हायचं, तर बापू डोळ्यानं बघून पाकीट संपत आलं की सांगायचे. आम्ही त्यांना सांगितलं होतं की सी कडे बघू नका, तेवढा वेळ ए ला द्या. त्यांनी ऐकलं.

दुसरी चूक जास्त खोल आहे. गट पाडताना प्रत्येक माल एकटा धरला जातो. ग्रोमेटनं स्वतःच्या नावावर दोन हजार कमावले एवढंच यादीला दिसतं, त्याच्या जीवावर ६ लाख ७२ हजारांची लॅटरल उभी आहे हे तिला दिसत नाही. बिलाकडे बघितलं की दिसतं. मी लॅटरलची वर्षातली सगळी बिलं काढली, ६४. त्यातल्या ५१ मध्ये टेक-ऑफ होते, ४७ मध्ये ग्रोमेट, ४३ मध्ये जॉइनर, ३८ मध्ये एंड कॅप. कुणी वेगळं ग्रोमेट घ्यायला क्वचितच येतं.

तसंच मग पंपाची बिलं काढली, पाईपची काढली. पंपाबरोबर केबल जॉइंटचा टेप, दोरी, क्लॅम्प. पाईपबरोबर सोल्युशनचा डबा. जो बी किंवा सी मधला माल एखाद्या ए मालाच्या निम्म्याहून जास्त बिलांत दिसतो त्याला "सोबती" असा शिक्का. असे ३१ निघाले. त्यांचा गट बदलला नाही, फक्त मागणीचा नियम बदलला: कधीच संपू द्यायचे नाहीत, सीझनच्या दोन महिन्यांना पुरेल एवढे कायम, आणि मोजायचे नाहीत, डब्यात लाल रेघ मारायची, माल रेघेखाली गेला की पाकीट मागवायचं. या ३१ मालांचा जादा साठा ठेवायला सगळे मिळून नऊ हजार रुपये लागले. नऊ हजार.

सीझनचंही तेव्हाच हाताळलं. वर्षाची एक यादी ठेवली, आणि शेजारी मागच्या वर्षीच्या ऑगस्ट-ऑक्टोबर आणि मार्च-मे अशा दोन छोट्या याद्या. मार्च-मे मध्ये ठिबकचं सामान खाली जातं आणि मोटारीचे सुट्टे भाग, कपॅसिटर, बुश, वर चढतात, कारण उन्हाळ्यात मोटारी जास्त ताणलेल्या असतात आणि जळतातही. सीझन सुरू व्हायच्या महिनाभर आधी त्या सीझनच्या यादीत ए मध्ये येणारा माल वर्षाच्या यादीत कुठेही असो, ए सारखा वागवायचा. तीन महिन्यांपेक्षा छोटी यादी करू नये असं माझं मत झालंय, एखादं मोठं बिल सगळं वाकडं करतं.

निकाल

पुढच्या मार्चअखेर साठा ३१ लाखांवरून २६ लाख ४० हजारांवर आला. यातला मोठा भाग ए मुळे. पंप आणि पाईप आठवड्याला मागवायला लागल्यावर एका वेळी पाच-सहा पंप आणून ठेवायची गरज उरली नाही, वितरक सांगलीतच आहे. झोपलेल्या मालातून १ लाख ३५ हजार सुटले, काही वितरकाला परत गेला, जुने इम्पेलर आणि बुश रिवाइंडिंगवाल्यांना वजनावर नाही पण जवळपास तशाच भावात दिले. तात्यांचा जीव तुटत होता देताना. जुने स्टार्टर अजून तिथंच आहेत.

उत्पन्न वाढलं का? विक्री थोडी वाढली, पण त्या वर्षी द्राक्षाला भाव बरा होता, त्यामुळे श्रेय गटांना देणार नाही. "नाही" म्हणून परत पाठवलेल्या गिऱ्हाइकांची वही सप्टेंबरपासून ठेवली, तिच्यात ऑक्टोबरात १९ नोंदी होत्या, पुढच्या फेब्रुवारीत ६. पण ऑक्टोबर आणि फेब्रुवारीची तुलना करू नये हे मलाही कळतं, खरा आकडा येत्या ऑक्टोबरात.

परत करायचं झालं तर

नावं सांधायचं काम पहिलं, एक्सेल उघडायच्या आधी. मी ते मधेच केलं म्हणून दोनदा बेरीज मांडावी लागली.

सी चा नियम लगेच लावणार नाही. एक पूर्ण सीझन फक्त ए चा नियम चालवायचा, बाकी जसं चाललंय तसं, आणि तेवढ्यात बिलांवरून सोबती शोधायचे. ए मध्ये जास्त लक्ष घालून नुकसान होत नाही, सी वरचं लक्ष काढल्यानं झालं.

आणि बापूंना पहिल्या दिवशी यादी दाखवून एकच प्रश्न विचारायला हवा होता, यातलं काय नसलं तर गिऱ्हाईक उठून जातं? नंतर विचारलं तेव्हा त्यांनी चहा संपायच्या आत ३१ पैकी २६ नावं तोंडपाठ सांगितली. ग्रोमेट त्यात पहिलं होतं. "मग तेव्हा का नाही बोललात?" मुलानं विचारलं. "तुम्ही कॉम्प्युटरवर काढलंवतं," बापू म्हणाले, "मला वाटलं त्यात धरलं असंल."

यादी आता दर तीन महिन्यांनी परत काढतो. मागच्या खेपेला सात माल ए मधून बी मध्ये गेले आणि नऊ वर आले. जो माल सलग दोन याद्यांमध्ये सरकला त्याचाच नियम बदलायचा असं ठरलंय, नाहीतर बापूंना दर तिमाहीला डब्यांवरच्या चिठ्ठ्या बदलत बसाव्या लागतात. ग्रोमेट अजूनही सी मध्येच आहे, डबा मात्र काउंटरवर, गल्ल्याच्या शेजारी.